टाकीच्या भोकातून पडणारी धार सर्वांत लांब कधी जाते? घरच्या घरी मोजण्याची पद्धत

बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं, आणि सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडलेली. ही आकृती तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिली असेल. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो हे समजावण्यासाठी ती काढलेली असते आणि तेवढं विधान बरोबर आहे. पण बाटली जमिनीवर ठेवून तुम्ही खरोखर पाणी सोडलंत, तर धारा तशा पडत नाहीत. सर्वांत लांब जाते ती मधली. वरची आणि खालची जवळपास एकाच जागी येऊन पडतात.

विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग निवडणारी मुलं पुण्यात दरवर्षी भेटतात आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. पुस्तकातली आकृती एक सांगते, सूत्र दुसरं सांगतं, आणि घाईघाईत भोकं पाडलेली बाटली तिसरंच काहीतरी दाखवते. या मुलांबरोबर मी हे उपकरण अनेकदा बनवलं आहे. ते नीट बनवायचं कसं, मोजायचं कसं आणि आकडे चुकले तर दोष कुठे शोधायचा, हे खाली क्रमाने लिहिते आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला पालकांच्या मदतीने सुट्टीच्या एका दिवसात जमेल असं हे काम आहे.

## १. आधी दोन गोष्टी समजून घ्या: वेग आणि पडायला लागणारा वेळ

भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं याचा नियम एव्हांजेलिस्ता टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ मध्ये प्रसिद्ध केला. दाबमापीमुळे आपल्याला माहीत असलेला टॉरिचेल्ली तो हाच. नियम असा, की पाण्याच्या पृष्ठभागापासून भोक जितकं खोल असेल, तितक्या उंचीवरून एखादी वस्तू सोडली तर तिला जो वेग येईल, त्याच वेगाने पाणी भोकातून बाहेर येतं. सूत्रात लिहायचं तर:

v = √(2gh)

इथे h म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून भोकाच्या मध्यापर्यंतची खोली. g साठी पुण्यात ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. ३० सेमी खोलीवरच्या भोकातून पाणी सेकंदाला साधारण २.४२ मीटर वेगाने निघतं, ५० सेमी खोलीवरून ३.१३ मीटर वेगाने. म्हणजे खालच्या धारेचा वेग जास्त असतोच, त्यात वाद नाही.

पण धार किती लांब पडेल हे एकट्या वेगावर ठरत नाही. जमिनीला टेकेपर्यंत तिला किती वेळ मिळतो, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. खालचं भोक जमिनीच्या अगदी जवळ असल्याने ती वेगवान धार क्षणात खाली टेकते. वरच्या धारेला पडायला भरपूर वेळ मिळतो, पण तिच्यात वेग नसतो. मधल्या धारेला दोन्ही पुरेसं मिळतं.

भोकाची जमिनीपासूनची उंची y धरली, तर पडायला लागणारा वेळ √(2y/g) येतो. वेग आणि वेळ यांचा गुणाकार केला की धारेचा पल्ला मिळतो:

R = 2√(h·y)

या सूत्रातून g निघून गेला आहे, हे लक्षात ठेवा. गुरुत्व कमी असेल तर पाणी हळू निघेल, पण पडायलाही तितकाच जास्त वेळ घेईल. पाण्याची घनताही सूत्रात कुठे नाही. परीक्षक हे दोन प्रश्न हमखास विचारतात.

टाकी जमिनीवर असेल आणि पाण्याची एकूण उंची H असेल, तर h आणि y यांची बेरीज नेहमी H इतकीच राहते. बेरीज ठरलेली असताना दोन संख्यांचा गुणाकार सर्वांत मोठा कधी होतो? दोन्ही सारख्या असतील तेव्हा. म्हणून उत्तम खोली H च्या निम्मी, आणि त्या भोकाचा पल्ला बरोबर H इतका. ६० सेमी पाण्यासाठी भोक ३० सेमीवर आणि धार ६० सेमी लांब.

## २. सामान गोळा करा

प्लास्टिकची बाटली मी वापरू नका म्हणेन. तिची भिंत दबते, भोक तिरकं पडतं आणि उंची कमी असल्याने दोन धारांमधला फरक मोजता येत नाही. त्याऐवजी हे घ्या:

- ४ इंची म्हणजे ११० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ७० सेमीचा तुकडा. बोहरी आळीतल्या किंवा तुमच्या भागातल्या प्लंबिंगच्या दुकानात उरलेला तुकडा मागा, अख्खा पाइप घ्यावा लागत नाही.
- त्याच मापाची एंड कॅप आणि सॉल्व्हंट सिमेंटची छोटी डबी.
- ड्रिल मशिन, ५ मिमीचा आणि १२ मिमीचा बिट. मोठं भोक पाडण्यासाठी २० मिमीचा होल सॉ मिळाला तर उत्तम.
- बारीक पॉलिश पेपर, मोजपट्टी, मार्कर.
- ओळंबा. दोऱ्याला बांधलेला जड नट चालेल.
- गवंडी वापरतात ती पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल.
- टोक केलेल्या पाच पेन्सिली. त्या बूच म्हणून वापरायच्या आहेत.
- कडक पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पातळ दोरी, एक मोठा टब, नळीचा तुकडा.

पाइप अपारदर्शक असल्याची काळजी करू नका. पाण्याची पातळी आपण डोळ्यांनी बघणार नाही, ती आपोआप ठरलेल्या जागी राहील अशी सोय करणार आहोत.

## ३. पाइपला बूड लावा आणि खुणा करा

पाइपचं एक टोक काटकोनात कापलेलं आहे ना ते बघा. सॉल्व्हंट सिमेंट लावून एंड कॅप घट्ट बसवा आणि डबीवर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, सिमेंटचा वास उग्र असतो.

खुणा कॅप बसवल्यानंतरच करायच्या. उंची जमिनीपासून मोजायची आहे, पाइपच्या आतल्या तळापासून नाही. पाइप सपाट जागी उभा करून जमिनीपासून १०, २०, ३०, ४० आणि ५० सेमीवर एकाच उभ्या रेषेत पाच खुणा करा. रेष सरळ येण्यासाठी ओळंब्याचा दोरा पाइपला टेकवून मार्करने ठिपके द्या.

मागच्या बाजूला, बरोबर उलट, २० मिमीचं एक मोठं भोक हवं. त्याची खालची कड जमिनीपासून ६० सेमीवर आली पाहिजे. हे सांडव्याचं भोक. नळातून पाणी सतत चालू ठेवलं की जास्तीचं पाणी इथून टबात जाईल आणि पातळी ६० सेमीवर टिकून राहील. आता पाच भोकांची पाण्याखालची खोली, वरून खाली, १०, २०, ३०, ४० आणि ५० सेमी झाली.

## ४. भोकं पाडा. इथे घाई करू नका

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

भोक ५ मिमीचं हवं. खिळा तापवून पाडलेल्या दीड-दोन मिमीच्या भोकातून पाणी सुटून पुढे जाण्याऐवजी पाइपच्या भिंतीला चिकटून खाली ओघळतं, विशेषतः वरच्या भोकातून, कारण तिथे वेग कमी असतो. शिवाय तापलेल्या खिळ्याने भोकाभोवती वितळलेल्या प्लास्टिकची कड उभी राहते आणि ती धारेला वाटेल तिकडे वळवते.

ड्रिल पाइपला काटकोनात धरा. एकाने मशिन धरावं आणि दुसऱ्याने बाजूने बघून सांगावं. ड्रिल खाली झुकलं असेल तर धार खाली झुकूनच निघेल आणि तुमचं सूत्र लागू पडणार नाही, कारण ते आडव्या निघालेल्या धारेसाठी आहे.

आता भिंतीची जाडी. पाइपची भिंत साधारण ३ मिमी असेल, तर ५ मिमीचं भोक हे नुसतं भोक राहत नाही, ती एक छोटीशी नळी होते. पाणी आतल्या कडेवरून सुटून मोकळं बाहेर यायला हवं. नळीत ते भिंतीला पुन्हा चिकटलं तर वेग चांगलाच घटतो. उपाय सोपा आहे. ५ मिमीचं भोक पाडून झाल्यावर १२ मिमीचा बिट हातात धरून बाहेरून फिरवा आणि भोकाचं बाहेरचं तोंड वाटीसारखं पसरट करा. भोकाजवळची भिंत १ मिमीच्या आसपास उरली की थांबा. मोठा बिट मशिनला लावून हे करू नका. तो प्लास्टिकमध्ये एकदम रुततो आणि भोकच मोठं करून टाकतो.

शेवटी आतली बाजू. ड्रिल आत शिरताना प्लास्टिकचे तंतू आतल्या कडेला लटकत राहतात. लांब काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून हलकेच फिरवा. तंतू निघाले पाहिजेत, पण आतली कड धारदारच राहिली पाहिजे, ती घासून गोल करायची नाही. पाचही भोकांना अगदी सारखी वागणूक द्या. भोकं एकमेकांसारखी असणं हे ती परिपूर्ण असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

बाहेरचं तोंड पसरट केल्याने पेन्सिलचं टोक त्यात छान बसतं. पाचही भोकं पेन्सिलींनी बंद करा.

## ५. मांडणी: जमीन, ओळंबा आणि नळ

ही मांडणी गच्चीवर करायचा मोह होतो, पाणी सांडलं तरी चालतं म्हणून. पण गच्चीला आणि बाथरूमला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात गच्चीवर वाराही जोराचा असतो. घरातल्या सपाट फरशीवर किंवा पार्किंगमध्ये पाणसळ ठेवून समतल जागा शोधा. नाहीच मिळाली तर एक लांब फळी घ्या, तिच्याखाली पुठ्ठ्याच्या पाचरी सारून ती समतल करा, आणि पाइप व धारा दोन्ही त्या फळीवरच येऊ द्या.

पाइप उभा करून ओळंब्याने तपासा. पाण्याने भरल्यावर त्यात सुमारे ५ लिटर पाणी असतं आणि बूड लहान, त्यामुळे धक्क्याने तो सहज कलंडतो. टेबलाच्या पायाला किंवा खुर्चीच्या पाठीला दोन ठिकाणी बांधून टाका.

नळाची नळी पाइपमध्ये वरून सोडा आणि ती तळापर्यंत नेऊन भोकांच्या विरुद्ध बाजूला टेकवा. पाणी वरून धो-धो पडलं तर पृष्ठभाग खळबळतो आणि धार थरथरते. नळीच्या टोकाला स्पंजाचा तुकडा बांधलात तर आणखी बरं. मधलं भोक उघडं असताना मिनिटाला साधारण पावणेदोन लिटर पाणी जातं आणि सर्वांत खालच्या भोकातून सव्वादोन लिटरच्या आसपास, त्यामुळे साधा नळ पुरतो. नळ एवढाच सोडा की मागच्या सांडव्यातून बारीक धार सतत वाहत राहील. सांडवा थांबला म्हणजे पातळी खाली गेली आणि तो आकडा घ्यायचा नाही, इतका कडक नियम पाळा. टबात जमलेलं पाणी झाडांना घाला किंवा बादलीने पुन्हा वापरा.

नळाची सोय नसेल आणि तुम्ही नुसता पाइप भरून भोक उघडलंत, तर काय होतं ते बघा. मधल्या भोकातून पातळी तीन सेकंदांत सुमारे १ सेमी उतरते. तुम्ही मोजपट्टी उचलेपर्यंत प्रयोग बदललेला असतो.

## ६. मोजा, आणि जोड्यांनी मोजा

एका वेळी एकच पेन्सिल काढा. धार स्थिर झाली की कोरड्या पुठ्ठ्याची पट्टी बाजूने धारेखालून झटकन सरकवून बाहेर काढा. पट्टीवर ओली रेघ उमटते. त्या रेघेचा मध्य म्हणजे धार पडण्याची जागा. पट्टी सरकवताना तिचं एक टोक पाइपच्या पुढ्यात ठरवलेल्या खुणेला टेकलेलं राहील असं करा. ही खूण भोकाच्या बाहेरच्या तोंडातून ओळंबा सोडून ठरवा. कागद पसरून त्यावर धार पडू देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण दोन सेकंदांत तिथे ओलं थारोळं होतं आणि मध्य कुठला तेच कळत नाही.

सूत्राने येणारे पल्ले असे आहेत:

| भोकाची खोली | जमिनीपासून उंची | वेग (मी/से) | पल्ला |
|---|---|---|---|
| १० सेमी | ५० सेमी | १.४० | ४४.७ सेमी |
| २० सेमी | ४० सेमी | १.९८ | ५६.६ सेमी |
| ३० सेमी | ३० सेमी | २.४२ | ६०.० सेमी |
| ४० सेमी | २० सेमी | २.८० | ५६.६ सेमी |
| ५० सेमी | १० सेमी | ३.१३ | ४४.७ सेमी |

तुमचे आकडे याहून थोडे कमी येतील आणि ते तसे यायलाच हवेत. भोकाच्या कडेशी होणाऱ्या घर्षणामुळे खरा वेग सूत्रातल्या वेगाच्या साधारण ९७-९८ टक्के असतो. समजा मधल्या भोकाचा पल्ला ५८.२ सेमी आला. ५८.२ भागिले ६० म्हणजे ०.९७. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत यालाच वेगाचा गुणांक म्हणतात आणि तो असाच मोजतात. वहीत आकडे लिहिताना ते सूत्राशी जुळवून घेऊ नका. हा गुणांक काढून दाखवणं जास्त प्रामाणिक आहे आणि परीक्षकांना तेच आवडतं.

आता एक अडचण. सर्वोत्तम खोली शोधायची म्हणून पुष्कळजण मध्याच्या आसपास २६, २८, ३०, ३२ सेमीवर भोकं पाडतात आणि सर्वांत लांबची धार शोधतात. त्यातून काहीच हाती लागत नाही. २५ सेमी खोलीच्या भोकाचा पल्ला ५९.२ सेमी येतो. म्हणजे भोक ५ सेमीने हललं तरी पल्ला १ सेमीनेही बदलत नाही. शिखर इतकं सपाट आहे की पट्टीवरच्या ओल्या रेघेने ते सापडणार नाही.

म्हणून जोड्या बघा. १० आणि ५० सेमीच्या धारा एकाच जागी पडतात का? २० आणि ४० च्या पडतात का? दोन्ही जोड्या जुळल्या, तर त्यांचा मध्य ३० सेमी हीच उत्तम खोली, हे शिखराला हातही न लावता सिद्ध झालं. आणि पाचही भोकांचा गुणांक सारखा असेल तर घर्षण असूनही जोड्या जुळतात, कारण दोन्ही पल्ले एकाच प्रमाणात कमी होतात. भोकं सारखी बनवा म्हटलं ते यासाठी.

## ७. जोडी जुळत नसेल तर दोष असा शोधा

या टोकाच्या जोडीचा एक चांगला गुण आहे. वरची आणि खालची धार वेगवेगळ्या चुकांना घाबरतात, त्यामुळे कोण चुकलंय यावरून चूक कुठली ते कळतं.

वरच्या भोकावर, म्हणजे १० सेमी खोलीवर, फक्त १० सेमी पाणी आहे. पातळी १ सेमीने उतरली तर तिथला पल्ला जवळपास सव्वादोन सेमीने घटतो. तेवढ्यानेच खालच्या धारेत अर्ध्या सेमीहूनही कमी फरक पडतो. तेव्हा वरची धार अलीकडे पडत असेल तर आधी सांडवा बघा.

खालचं भोक जमिनीपासून १० सेमीवर आहे आणि धार जवळपास आडवी येऊन टेकते. जिथे धार पडते तिथली फरशी १ सेमीने खाली असेल तर पल्ला सव्वादोन सेमीने वाढतो. उलट पुठ्ठा जाड असेल किंवा तिथे ट्रेमध्ये पाणी साठलेलं असेल तर पल्ला घटतो. पाइप एका अंशाने पुढे झुकला तरी ही धार दीड ते पावणेदोन सेमी अलीकडे येते, वरच्या धारेत मात्र तीन-चार मिलिमीटरचाच फरक दिसतो. तेव्हा खालची धार चुकत असेल तर पाणसळ आणि ओळंबा पुन्हा लावा.

मधल्याच एखाद्या भोकाची धार एकटी कमी पडत असेल, पिळवटलेली दिसत असेल किंवा एका बाजूला वळत असेल, तर त्या भोकात तंतू राहिला आहे. पाणी काढून ते पुन्हा साफ करा.

## ८. दोन धारा कुठे भेटतात ते दाखवा

प्रदर्शनात लोक थांबतात ते या भागापाशी. एकाच वेळी दोन पेन्सिली काढा. भोकं एका उभ्या रेषेत असल्याने वरची धार खालच्या धारेवर कुठेतरी येऊन आदळते आणि तिथे पाणी उडतं. कुठे आदळते याचा नियम फार सुंदर आहे: पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन्ही भोकांच्या खोल्यांच्या बेरजेइतकं खाली.

१० आणि ३० सेमीची भोकं उघडा. धारा पृष्ठभागापासून ४० सेमी खाली, म्हणजे जमिनीपासून २० सेमीवर हवेतच भेटतील. २० आणि ३० ची उघडा, ५० सेमी खाली भेटतील. १० आणि ५० ची उघडा. बेरीज ६०, म्हणजे बरोबर जमिनीवर. जोडीच्या धारा एकाच जागी का पडतात, याचं कारण इथे डोळ्यांसमोर दिसतं.

सिद्ध करणंही अवघड नाही. भोकापासून x अंतरावर गेलेली धार x²/(4h) इतकी खाली आलेली असते. त्यात h मिळवला की पृष्ठभागापासूनची खोली. दोन भोकांसाठी ही खोली सारखी मांडा आणि सोडवा, h₁ + h₂ हे उत्तर येतं. दहावीच्या बीजगणितात बसतं.

याच्याच पुढची पायरी म्हणजे दोरी. पाइपवर पाण्याच्या पातळीशी, म्हणजे ६० सेमीवर, दोरीचं एक टोक बांधा आणि दुसरं टोक जमिनीवर पाइपच्या भिंतीपासून ६० सेमीवर ताणून धरा. ४५ अंशांची तिरकी रेषा झाली. आता एकेक धार सोडा. कुठलीही धार ही दोरी ओलांडत नाही. वरच्या तीन भोकांची धार, तिच्या खोलीच्या दुप्पट खाली, दोरीला येऊन जवळपास शिवते. १० सेमीची धार पृष्ठभागापासून २० सेमी खाली, २० ची ४० सेमी खाली, आणि ३० ची ६० सेमी खाली, म्हणजे नेमकी जमिनीवर. ४० आणि ५० च्या धारांना दोरी गाठायला ८० आणि १०० सेमी खाली उतरावं लागलं असतं, पण त्याआधीच जमीन येते. घर्षणामुळे प्रत्यक्षात धारा दोरीच्या एक-दोन सेमी अलीकडे राहतील. दोरी धारांच्या अगदी सरळ वर न धरता बोटभर बाजूला धरा, म्हणजे ती भिजून खाली झोल पडत नाही.

## ९. पाइप स्टुलावर ठेवा आणि पुन्हा मोजा

आता पाइप २० सेमी उंच पाटावर किंवा स्टुलावर ठेवा. धारा जमिनीवरच पडू द्या. खोल्या त्याच आहेत, पण प्रत्येक भोकाची जमिनीपासूनची उंची २० सेमीने वाढली आहे. सूत्राने पल्ले वरून खाली ५२.९, ६९.३, ७७.५, ८०.० आणि ७७.५ सेमी येतात. सर्वांत लांबची धार आता ४० सेमी खोलीवरची. पृष्ठभागापासून जमिनीपर्यंत ८० सेमी, त्याच्या निम्मे ४०. तीच दोरी जमिनीपर्यंत वाढवा, ४० ची धार आता तिला जमिनीवर शिवेल.

मुलं इथे हमखास अडकतात. निम्मी करायची ती पाण्याची उंची नाही, पृष्ठभागापासून धार जिथे पडते तिथपर्यंतचं अंतर निम्मं करायचं. टाकी थेट जमिनीवर असेल तेव्हाच ही दोन्ही सारखी असतात.

टाकी आणखी उंच करत गेलात तर उत्तम खोली खाली खाली सरकते, आणि स्टुलाची उंची पाण्याच्या उंचीइतकी झाली की ती तळाशी जाऊन टेकते. त्यापुढे कितीही उंच न्या, खालचंच भोक जिंकतं. सोसायटीच्या गच्चीवर २ मीटरच्या चौथऱ्यावर टाकी आहे आणि तिच्यात १ मीटर पाणी आहे, असं धरा. हिशेबाने उत्तम खोली दीड मीटर निघते, पण तेवढं पाणीच नाही. म्हणून तळाशी पडलेल्या भोकाची धार सर्वांत लांब, २.८ मीटरवर पडेल, आणि निम्म्यावरच्या भोकाची २.२ मीटरवर. पुस्तकातली आकृती अशा टाकीसाठी खरी आहे. बाटलीखाली जमीन काढलीच नसेल तर उत्तर कुठलंही असू शकतं, हे परीक्षकांना स्टूल बदलून दाखवा.

## १०. प्रदर्शनाच्या दिवशी

सोबत न्यायच्या गोष्टी: मोजमापांची मूळ वही (स्वच्छ उतरवलेली नाही, ओले डाग पडलेली चालेल), वरच्यासारखा तक्ता, दोन्ही मांडण्यांच्या आकृत्या, ओळंबा, पाणसळ, पुठ्ठ्याच्या भरपूर कोरड्या पट्ट्या, जादा पेन्सिली, पोछा. शाळेत स्टॉलपाशी नळ आहे का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. नसेल तर उंच ठेवलेल्या बादलीतून नळीने पाणी सोडा आणि एकाने सांडव्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न साधारण हे येतात. भोक मोठं केलं तर धार लांब जाईल का? नाही, सूत्रात भोकाचा आकार नाही. पाणी जास्त निघेल, टाकी लवकर रिकामी होईल, पल्ला जवळजवळ तोच राहील. पाण्याऐवजी मिठाचं पाणी भरलं तर? तोच पल्ला. जड पाण्यावर दाब जास्त, पण ढकलायला वस्तुमानही तितकंच जास्त. खाण्याचं तेल भरलं तर मात्र पल्ला कमी येईल. तिथे कारण घनता नाही, चिकटपणा आहे. चंद्रावर केला तर? पल्ला बदलणार नाही, फक्त सगळं संथ दिसेल. अर्थात पाणी उकळून जाऊ नये म्हणून हवा भरलेल्या बंद खोलीत करावा लागेल.

वरून झाकण घट्ट लावलं तर काय होईल, हाही आवडता प्रश्न आहे. नळी बाहेर काढा, सांडवा बंद करा, झाकण पाइपच्या तोंडावर घट्ट दाबून धरा आणि दाखवाच. आत हवा येऊ शकत नाही, वरच्या पोकळीतला दाब घटतो, धार झपाट्याने आखूड होते आणि थोड्या वेळात थांबते. टॉरिचेल्लीचा नियम पाण्यावर आणि भोकाबाहेर हवेचा दाब सारखा आहे असं धरून चालतो. ही अट मोडली की नियमही लागू होत नाही. हे दाखवताना एकच भोक उघडं ठेवा. दोन उघडी असतील तर वरच्यातून हवा आत शिरते आणि खालची धार चालूच राहते.